धंदा बंद करून परत नोकरी शोधताय? रिक्रूटरला पाठवायची छोटी नोट कशी लिहायची

रिक्रूटर तुमचा सीव्ही कंपनीकडे पाठवतो तेव्हा तो नुसता सीव्ही पाठवत नाही, सोबत एक एक्सेल शीट जाते, तिला आम्ही ट्रॅकर म्हणतो. त्यात प्रत्येक उमेदवाराची एक ओळ असते आणि कॉलम ठरलेले असतात, नाव, टोटल एक्सपिरियन्स, रेलेव्हंट एक्सपिरियन्स, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड आणि शेवटी रीझन फॉर चेंज. कंपनीतला एचआर आणि ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार तो मॅनेजर, दोघंही आधी ही ओळ बघतात आणि मग वाटलं तर सीव्ही उघडतात.

नोकरीतून नोकरीत जाणाऱ्याची ही ओळ दोन मिनिटांत भरून होते. धंदा करून परत येणाऱ्याची अडते. करंट सीटीसी काय लिहायचा, पाच वर्षं रेलेव्हंट धरायची की नाही, रीझन फॉर चेंजमध्ये काय टाकायचं, सगळंच रिक्रूटरला स्वतः ठरवावं लागतं आणि हातात अजून चाळीस सीव्ही असताना तो ठरवत बसत नाही, पुढचा सीव्ही उघडतो. तुमच्याबद्दल त्याचं वाईट मत झालेलं नसतं, फक्त तुमची ओळ भरायला वेळ लागतो म्हणून ती राहून जाते.

मी पुण्यात मॅन्युफॅक्चरिंगवाल्यांसाठी रिक्रूटमेंट करते त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची येतील, पण नोटचा हिशोब सगळीकडे तोच आहे. तुमची नोट अशी पाहिजे की त्यातली वाक्यं उचलून रिक्रूटरला ट्रॅकरमध्ये चिकटवता आली पाहिजेत. एवढं एक डोक्यात ठेवलं की काय लिहायचं आणि काय गाळायचं हे आपोआप कळायला लागतं.

लिहायच्या आधी: तारखा एका कागदावर

नोट लिहायला बसायच्या आधी एक कागद घ्या आणि चार तारखा लिहा. जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस (रिलीव्हिंग लेटरवर असेल तोच, तुम्हाला आठवतो तो नाही), धंद्याचं पहिलं बिल, धंद्याचं शेवटचं बिल, आणि जीएसटी किंवा जी काही नोंदणी होती ती रद्द झाल्याची तारीख.

हे एवढं का, तर ऑफर आल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात आणि ते करणारी एजन्सी तुमच्या शब्दावर चालत नाही. जुन्या नोकरीचं पीएफ कधी थांबलं हे यूएएनवरून दिसतं. जीएसटीचा नंबर असेल तर gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाकून कुणीही बघू शकतं, लॉगिनसुद्धा लागत नाही, नोंदणी कधीची आहे आणि आज तिचं स्टेटस काय आहे सगळं समोर येतं. त्यामुळे सीव्हीत एक तारीख, नोकरीच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये दुसरी आणि नोटमध्ये तिसरी असं झालं की साध्या विसराळूपणालासुद्धा लपवाछपवीचा वास यायला लागतो.

धंद्याचा काळ लिहिताना पहिल्या बिलापासून शेवटच्या बिलापर्यंत लिहा, महिना आणि वर्ष पुरेसं. नोंदणी आधी झाली असेल किंवा रद्द व्हायला नंतर दोन-तीन महिने लागले असतील तर त्याने काही बिघडत नाही, कागदोपत्री थोडं मागेपुढे असतंच, विचारलं तर सांगायचं.

आणि एक गोष्ट जी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी करतंच, मधली वर्षं झाकायला मित्राच्या फर्मचं एक्सपिरियन्स लेटर आणायचं. नका करू. पीएफ नाही, पगाराची बँकेत एंट्री नाही, फॉर्म १६ नाही, आणि फर्मच्या नंबरवर फोन केला की मित्र गडबडतो. खरा धंदा केलेला असताना खोटी नोकरी दाखवायची आणि त्यापायी आलेली ऑफर घालवायची, याला काय म्हणावं. धंद्याच्या काळात पीएफ नसणं अगदी नॉर्मल आहे, त्याचा खुलासा कुणी मागत नाही.

हुद्दा काय लिहायचा

इथे लोक दोन टोकं गाठतात. दोन माणसांच्या धंद्याला फाउंडर अँड सीईओ लिहितात, नाहीतर लाजून फ्रीलान्सर लिहितात. तुमच्या नावावर एकट्याची फर्म होती तर प्रोप्रायटर लिहा, भागीदारी होती तर पार्टनर, प्रायव्हेट लिमिटेड होती तरच डायरेक्टर. सीईओ वाचल्यावर मॅनेजरच्या मनात पहिला प्रश्न येतो की हा माणूस माझ्या हाताखाली काम करेल का, आणि तो प्रश्न तुम्ही स्वतःच्या हाताने का तयार करायचा.

हुद्द्याला कामाचा शब्द जोडा पण. नुसतं प्रोप्रायटर लिहिलं तर रिक्रूटर पोर्टलवर परचेस किंवा अकाउंट्स किंवा क्वालिटी असं सर्च करतो त्यात तुम्ही वर येत नाही. ‘प्रोप्रायटर, पॅकेजिंग मटेरियल पुरवठा’ असं लिहिलं तर निदान काय करत होतात ते पहिल्या नजरेत कळतं.

एक खरीखुरी नोट, आधीची आणि नंतरची

आता एक केस नीट बघू. ओळखीतला एक दादा, नाव नको. २०१३ ते २०१९ चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेसला होता, पॅकेजिंग आणि कन्झ्युमेबल्स त्याच्याकडे. मग स्वतःचा धंदा काढला, भोसरीत छोटा गाळा घेऊन कोरुगेटेड बॉक्स पुरवायचे. स्वतः बनवत नव्हता, पाच बॉक्सवाल्यांकडून घ्यायचा आणि बाराएक कारखान्यांना द्यायचा. २०२१ मध्ये क्राफ्ट पेपरचे भाव जोरात चढले, ग्राहकांबरोबर मात्र वर्षाचे रेट बांधलेले, त्यात बॉक्सवाले रोख मागणार आणि कारखाने ९० दिवसांनी पैसे देणार. तिथे जे भांडवल अडकलं ते पुढे सुटलंच नाही नीट. फेब्रुवारी २०२४ ला त्याने शेवटचं बिल काढलं, देणी दिली, एप्रिलमध्ये जीएसटी रद्द झालं, आणि जूनपासून परचेसच्या जागांना अर्ज करायला लागला. त्याची पहिली नोट अशी होती:

> आदरणीय सर/मॅडम, मी एक मेहनती व महत्त्वाकांक्षी उद्योजक असून २०१९ मध्ये स्वतःचं स्वप्न पूर्ण करण्यासाठी नोकरी सोडली. कोविड आणि काही ग्राहकांनी पैसे बुडवल्यामुळे दुर्दैवाने मला व्यवसाय बंद करावा लागला. या प्रवासात मी खूप काही शिकलो. आता मला स्थिर नोकरीची नितांत गरज आहे. कोणतंही काम करायची तयारी आहे, कृपया एक संधी द्यावी.

वाचून वाईट वाटतं, पण ट्रॅकरमध्ये भरायला काय मिळालं? काहीच नाही. बॉक्सचा धंदा होता हे सुद्धा यातून कळत नाही! मेहनती आणि महत्त्वाकांक्षी हे तो स्वतःच म्हणतोय, त्याला किंमत शून्य. कोविड म्हणावं तर धंदा बंद झाला २०२४ मध्ये, मग मधली वर्षं कसा चालला हा प्रश्न लगेच येतो. ग्राहकांनी पैसे बुडवले हे परचेसच्या जागेसाठी तर उलटच जातं कारण समोरचा म्हणतो की पार्टी पारखता आली नाही का. स्थिर नोकरीची गरज ही त्याची गरज आहे, कंपनीची नाही. आणि ‘कोणतंही काम’ हे सगळ्यात घातक, कारण मी जागा परचेसची भरतेय, कोणतंही काम नावाची जागा माझ्याकडे नाही.

आता हीच माहिती वेगळ्या क्रमाने मांडायची. नोटला चार कामं असतात आणि ती याच क्रमाने यावीत असं माझं मत आहे: कुठल्या जागेसाठी आणि त्या कामाचा तुमचा नोकरीतला अनुभव, मग धंद्यात त्याच कामाचा कुठला भाग करत होतात, मग धंदा का बंद केला आणि आज तो कुठल्या अवस्थेत आहे, आणि शेवटी कधी जॉइन होऊ शकता. दादाची सुधारलेली नोट ही:

> विषय: सीनियर परचेस एक्झिक्युटिव्ह, चाकण. परचेस ६ वर्षं + पॅकेजिंग पुरवठा ४.५ वर्षं, लगेच उपलब्ध
>
> नमस्कार मॅडम,
>
> चाकणच्या सीनियर परचेस एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी सीव्ही जोडला आहे. २०१३ ते २०१९ मी ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेसमध्ये होतो, पॅकेजिंग आणि कन्झ्युमेबल्सची खरेदी माझ्याकडे होती.
>
> सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२४ भोसरीत माझा कोरुगेटेड बॉक्स पुरवठ्याचा व्यवसाय होता, प्रोप्रायटरशिप. पाच उत्पादकांकडून माल घेऊन चाकण-भोसरीतल्या १२ कारखान्यांना देत होतो. उत्पादक निवडणं, रेट ठरवणं, क्वालिटीच्या तक्रारी सोडवणं आणि डिलिव्हरी वेळेत पोचवणं हे रोजचं काम होतं.
>
> ग्राहकांचे रेट वर्षभर बांधलेले, कागदाचे भाव वाढलेले आणि उधारी ९० दिवसांची, यात भांडवल अडकत गेलं म्हणून सगळी देणी देऊन व्यवसाय बंद केला. जीएसटी नोंदणी एप्रिल २०२४ मध्ये रद्द झाली असून आता कुठलाही व्यवसाय चालू नाही.
>
> मला परत परचेसमध्येच काम करायचं आहे. लगेच जॉइन होऊ शकतो. व्यवसायाची कागदपत्रं आणि दोन ग्राहकांचे संदर्भ देऊ शकतो.

सव्वाशे शब्दांच्या आतबाहेर आहे. मोबाइलवर दोनदा वर सरकवलं की संपते, आणि रिक्रूटर मोबाइलवरच वाचतो हे लक्षात असू द्या. आता यातले जे तीन तुकडे लोकांना जड जातात ते एकेक करून बघू.

धंद्यातलं काम नोकरीच्या भाषेत आणणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. धंद्यात माणूस सगळंच करतो, माल उचलतो, बिलं काढतो, वसुलीला जातो, टेम्पोवाल्याशी भांडतो, आणि नोटमध्ये ते सगळं लिहायचा मोह होतो. तसं केलं की सगळं थोडं थोडं येणारा माणूस असं चित्र उभं राहतं. ज्या जागेला अर्ज करताय तिची जाहिरात समोर घ्या, त्यात कामांची जी यादी असते त्यातली कुठली तीन-चार कामं तुम्ही धंद्यात खरोखर करत होतात ते बघा, आणि फक्त तेवढीच लिहा.

दादाने वसुलीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. पण तोच दादा उद्या पॅकेजिंग कंपनीत सेल्सला अर्ज करेल तेव्हा हेच वाक्य ‘१२ कारखान्यांकडून ऑर्डर आणणं, रेट काँट्रॅक्ट करणं आणि ९० दिवसांच्या उधारीची वसुली’ असं होईल. धंदा तोच, नोट वेगळी. म्हणून एकच नोट पन्नास ठिकाणी पाठवू नका, मधला परिच्छेद तरी बदला.

आकडे दोनच पुरतात आणि ते मोजता येणारे हवेत, किती पुरवठादार, किती ग्राहक, हाताखाली किती माणसं असं काहीतरी. उलाढाल लिहावी का असं बरेच जण विचारतात. माझं मत, मागितल्याशिवाय नको. एक तर ६० लाख उलाढाल वाचून काही जणांना तेच तुमचं उत्पन्न वाटतं आणि हा आपल्या बजेटमध्ये बसणार नाही म्हणून बाजूला ठेवतात, आणि दुसरं म्हणजे पुढे कधी रिटर्न मागितले आणि आकडा जुळला नाही तर फुकटचा खुलासा देत बसावं लागतं. सेल्स किंवा बिझनेस डेव्हलपमेंटची जागा असेल तर मात्र लिहा कारण तिथे तोच मुद्दा आहे, फक्त रिटर्नमध्ये आहे तोच आकडा, ढोबळ करून.

अनुभवाची वर्षं एकत्र मिसळू नका हे पण महत्त्वाचं. दादाने विषयातच ६ आणि ४.५ असं वेगळं लिहिलंय. काही कंपन्या धंद्याची वर्षं ग्रेड ठरवताना धरतात, काही धरत नाहीत, आणि तुम्ही साडेदहा वर्षं असं ठोकून दिलं आणि त्यांनी सहाच धरली तर पहिल्याच फोनवर बोलणं बिघडतं.

बंद का केला: एक वाक्य, कारण आणि निर्णय दोन्ही

एक वाक्य म्हणजे खरंच एक. त्यात दोन गोष्टी हव्यात, धंद्याच्या गणितातलं एखादं ठोस कारण आणि तुम्ही त्यावर काय केलंत. ‘करावा लागला’ आणि ‘केला’ यात वाचणाऱ्याच्या दृष्टीने बराच फरक आहे, पहिल्यात तुम्ही वाहत गेलेले दिसता. दादाच्या वाक्यात देणी देऊन बंद केला हे तीन-चार शब्द आहेत ना, ते परचेसच्या मॅनेजरला सगळ्यात जास्त आवडले होते असं नंतर कळलं, कारण त्याच्या बाजूने बघितलं तर पुरवठादारांचे पैसे बुडवून पळालेला माणूस त्याला नको असतो. अर्थात देणी दिली असतील तरच लिहायचं. बाकी असतील तर तो उल्लेख गाळा, खोटं मात्र लिहू नका, बॉक्सच्या धंद्यात काय किंवा कुठल्याही धंद्यात काय, एका एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात.

कारण घरचं असेल, म्हणजे आईचं आजारपण, बाळंतपण, गाव बदललं, तर तेवढंच लिहा आणि आता ती अडचण नाही किंवा त्याची सोय झाली आहे हे जोडा. आजाराचं नाव, ऑपरेशन, तारखा नकोत. पार्टनरशी फाटलं असेल तर ‘भागीदारी संपल्यामुळे व्यवसाय बंद केला’ इथे पूर्णविराम. पार्टनरने फसवलं हे शंभर टक्के खरं असलं तरी नोटमध्ये नको, कारण दुसरी बाजू ऐकायला रिक्रूटरकडे वेळ नाही आणि तो तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, फक्त भांडणाचा माणूस असं लक्षात ठेवेल.

कर्जाचा विषय नोटमध्ये अजिबात काढू नका. बँक किंवा फायनान्स कंपनीत अर्ज करत असाल तर मात्र एक लक्षात घ्या, तिथे सिबिल बघितलं जाऊ शकतं, त्यामुळे धंद्याच्या कर्जाचे हप्ते थकलेले असतील तर अर्ज करायच्या आधीच स्वतःचा रिपोर्ट काढून बघा आणि विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवा.

आणि ‘या प्रवासात खूप काही शिकलो’ हे वाक्य खोडाच. काय शिकलात ते लिहायचं असेल तर कामाचं लिहा, उदाहरणार्थ बॉक्सवाला रेट सांगतो त्यात कागद किती, छपाई किती आणि वाहतूक किती हे आता मला फोडून कळतं. हे वाक्य इंटरव्ह्यूसाठी राखून ठेवलं तर अजून चांगलं.

आता तो धंदा कुठे आहे? हे वाक्य नव्वद टक्के लोक विसरतात

नव्वद हा माझा अंदाज हो, मोजलेलं नाही. पण धंदेवाल्याचा सीव्ही आला की कंपनीचा एचआर मला हमखास विचारतो ते हे, की धंदा खरंच बंद आहे का, की सकाळी नोकरी आणि संध्याकाळी दुकान असं चालणार आहे, आणि सहा महिन्यांनी परत धंद्याची हुक्की आली तर? बऱ्याच कंपन्यांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरा व्यवसाय करायचा नाही अशी अट असते, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नाही. म्हणून स्टेटसचं वाक्य स्पष्ट, आणि जमलं तर कागदाच्या आधाराने.

प्रोप्रायटरशिप आणि जीएसटी असेल तर रद्द करायला पोर्टलवर REG-16 भरतात, मान्य झालं की REG-19 ची ऑर्डर येते, ती डाउनलोड करून ठेवा, कारण बंद झाल्याचा तोच सगळ्यात सोपा पुरावा. त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न GSTR-10 भरायचं असतं, हे बऱ्याच जणांकडून राहतं आणि मग नोटीस येते. नुसतं रिटर्न भरणं सोडून दिलं तर जीएसटी विभाग स्वतःहून नोंदणी रद्द करतो आणि पोर्टलवर Cancelled suo-moto असं दिसतं. तुम्ही अर्ज करून केलं असेल तर Cancelled on application of Taxpayer दिसतं. दोन्हीचा शेवट एकच असला तरी बघणाऱ्याला दुसरं जास्त नीटनेटकं वाटतं, म्हणून अजून धंदा आवरताच आहात तर हे आधी करा. आणि स्टेटस अजून Active असेल तर नोटमध्ये बंद आहे असं बिनधास्त लिहू नका, ‘कामकाज फेब्रुवारीत थांबवलं, जीएसटी रद्द करायचा अर्ज केला आहे’ असं खरं ते लिहा. त्याने काही अडत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर प्रकरण थोडं लांबतं. कंपनी आणि तिचे डायरेक्टर एमसीएच्या साइटवर दिसतात, कामकाज थांबवलं तरी स्ट्राइक ऑफ होईपर्यंत, म्हणजे कंपनीचं नाव सरकारी यादीतून निघेपर्यंत, तुम्ही तिथे डायरेक्टरच असता, आणि व्हेरिफिकेशनवाले ते बघतात. त्यासाठीचा अर्ज म्हणजे STK-2 भरला असेल तर तो भरल्याचा महिना लिहा. भरला नसेल, कारण त्याला सरकारी फी आणि सीएचा खर्च येतो आणि लोक टाळतात, तर निदान आपणहून सांगा की कंपनीत कामकाज नाही आणि बंद करायची प्रक्रिया अमुक महिन्यात सुरू करतोय. तुम्ही सांगणं आणि त्यांना सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रकार आपल्याकडे खूप, धंदा बंद नसतो, भावाकडे किंवा बायकोकडे दिलेला असतो. तेव्हा ‘व्यवसाय आता भाऊ बघतो, माझा रोजच्या कामात सहभाग नाही’ एवढं लिहायचं. आणि नोंदणी अजून तुमच्याच नावावर असेल तर हे वाक्य टिकणार नाही, आधी त्यांच्या नावावर नवीन नोंदणी घेऊन तुमची रद्द करा. नवीन कंपनी त्याच धंद्यातली असेल, म्हणजे भाऊ बॉक्स पुरवतो आणि तुम्ही परचेसला बसणार, तर हे जॉइन व्हायच्या आधी लेखी सांगाच, नंतर कळलं तर त्याचा अर्थ फार वाईट निघतो.

ज्यांची काहीच नोंदणी नव्हती त्यांचं काय

घरून डबे, शिवणकाम, क्लासेस, सोशल मीडियाची फुटकळ कामं, यात जीएसटी नाही, शॉप अ‍ॅक्ट नाही, मग लोकांना वाटतं आपल्याकडे दाखवायला काही नाही म्हणून ते सरळ गॅप लिहितात. गॅप लिहू नका. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न दाखवलं असेल तर तो पुरावा आहे. फ्रीलान्स कामात क्लायंटने टीडीएस कापला असेल तर 26AS मध्ये क्लायंटचं नाव आणि रक्कम दिसते, तो तर अजून चांगला. काहीच नसेल तर बँकेत आलेले पैसे, जुन्या ऑर्डरचे मेसेज आणि फोनवर बोलेल असा एखादा ग्राहक. सोसायटीत तीन वर्षं रोज २५ डबे देणाऱ्या ताईंनी कँटीन सुपरवायझरच्या जागेसाठी एवढंच लिहिलं तरी चालतं: ‘२०२० ते २०२३ घरून डब्यांचा व्यवसाय, रोज २५ डबे, मदतीला एक बाई, किराणा खरेदी आणि मेनू माझ्याकडे.’ यात बायोडेटातल्या ‘गृहिणी’ या शब्दापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे.

करंट सीटीसीच्या चौकटीत काय भरायचं

नोटमध्ये पगार नको. पण पोर्टलवर ती चौकट रिकामी सोडता येत नाही आणि रिक्रूटर पहिल्या फोनवर विचारणारच. उलाढाल टाकू नका, मनाने आकडा पण नको. शेवटच्या रिटर्नमधला धंद्याचा निव्वळ नफा टाका, आणि तो फारच कमी असेल (शेवटच्या वर्षी असतोच) तर फोनवर दोन्ही सांगा, नोकरीतला शेवटचा पगार इतका होता आणि कुठल्या वर्षी, धंद्याचं उत्पन्न इतकं, आणि आता या जागेला बाजारात जे चालतं त्यात माझी अपेक्षा इतकी. रिक्रूटरला वरचा नाही तर खरा आकडा हवा असतो कारण नंतर पगाराची स्लिप मागितली जाणार नसली तरी रिटर्न मागितले जातात.

भाषा आणि पाठवायची पद्धत

बहुतेक ठिकाणी नोट इंग्रजीत जाणार हे उघड आहे. तरी आधी मराठीत लिहा असं मी सगळ्यांना सांगते, कारण थेट इंग्रजीत बसलं की नेटवरची छापील वाक्यं बोटांतून बाहेर पडायला लागतात आणि बॉक्सचा धंदा कुठेतरी हरवतो. मराठीत जे सांगितलं तेच, तेवढ्याच छोट्या वाक्यांत इंग्रजी करा, व्याकरण कुणाकडून तरी बघून घ्या.

नोट ईमेलच्या अंगातच टाका, वेगळी फाइल करून जोडू नका, दुसरी फाइल कुणी उघडत नाही. पोर्टलवर मेसेजची जागा छोटी असेल तर मधला आणि बंद का केलाचा परिच्छेद ठेवा, बाकी गाळा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रिक्रूटरने सीव्ही मागवला तर सीव्हीबरोबर तीन ओळी पुरतात, दादाच्या अशा होत्या:

> परचेस ६ वर्षं (२०१३–१९), नंतर स्वतःचा बॉक्स पुरवठा व्यवसाय सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२४.
> उधारीत भांडवल अडकल्याने देणी देऊन बंद केला, जीएसटी रद्द, आता काही चालू नाही.
> परत परचेसमध्येच यायचं आहे, लगेच जॉइन.

मधली ओळ बघा, ती जशीच्या तशी मी रीझन फॉर चेंजच्या कॉलममध्ये टाकली होती.

नोट पाठवायच्या आधी एक फोल्डर तयार असू द्या मोबाइलवर: जीएसटी सर्टिफिकेट आणि रद्द झाल्याची ऑर्डर, उद्यम किंवा शॉप अ‍ॅक्ट जे असेल ते, धंद्याच्या वर्षांचे रिटर्न, आणि जुनं रिलीव्हिंग लेटर. मागितल्याशिवाय यातलं काही पाठवायचं नाही, पण मागितलं तर त्याच दिवशी गेलं पाहिजे. ज्या दोन ग्राहकांचे संदर्भ देणार त्यांना आधी फोन करून विचारा, आणि तुम्ही कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत त्यांना माल देत होतात हे त्यांना सांगून ठेवा, कारण व्हेरिफिकेशनवाला त्यांना पहिला प्रश्न तोच विचारतो आणि कारखान्यातल्या स्टोअरवाल्या साहेबांना तुमचा सप्टेंबर २०१९ लक्षात असायचं काही कारण नाही.